काउंटरच्या लॉगिनला मालकाचा नफा दिसतो, बंद केला तरी पुन्हा दिसतो: समस्या निवारण

बिलिंगच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला बिलं करता यावीत, जुनं बिल शोधता यावं, माल परत घेता यावा आणि रात्री गल्ला जुळवता यावा. खरेदीचा भाव, मार्जिन आणि महिन्याचा नफा त्याच्या पडद्यावर येण्याचं कारण नाही. तरीही तो येतो. मग सॉफ्टवेअरच्या डीलरचा माणूस येऊन मेनू लपवून जातो, पंधरा दिवस बरे जातात आणि रिपोर्ट पुन्हा हजर. ही तक्रार एकदा दुरुस्त करून सुटत नाही, कारण बहुतेक वेळा दुरुस्ती मेनूची होते आणि बिघाड दुकानाच्या कामाच्या पद्धतीत असतो. खालचं प्रकरण रचलेलं आहे, पण त्यातला प्रत्येक दोष दुकानांत नेहमी सापडणारा आहे.

प्रकरण

सदाशिव पेठेतलं सुकामेवा, मसाले आणि दिवाळीत घरगुती फराळ विकणारं दुकान. दोन संगणक: एक काउंटरवर, दुसरा आतल्या खोलीत मालकांसमोर. काउंटरवर सहा वर्षं जुनी कॅशिअर. दुपारी एकला दुकान बंद होतं, चारला उघडतं. दिवाळीनंतरच्या आठवड्यात एक गिऱ्हाईक चारच्या ठोक्याला काजूकतलीचं न उघडलेलं खोकं परत घेऊन आलं. बिल हरवलेलं, तारीख अंदाजे. कॅशिअरने बिल शोधायला रिपोर्टचा मेनू उघडला. त्यात नेहमीच्या ‘वस्तूवार विक्री’च्या खाली तिला ‘वस्तूवार नफा’ दिसलं. तेच असेल असं समजून तिने एंटर दाबलं.

पडद्यावर ऑक्टोबरचा हिशोब आला. विक्री ११,२०,०००, नफा ३,०२,४००. तिचा पगार १६,०००. दोन्ही आकडे एकाच डोक्यात आले की काय होतं, ते सांगायला नको. पण तिची नजर पुढच्या एका ओळीवर अडकली. चकली: नफा शंभर टक्के. शंकरपाळे: शंभर टक्के. चिवडा, करंजी, सगळीकडे तेच.

तिने खिडकी बंद केली, गिऱ्हाइकाचा परतावा उरकला आणि आत गेली.

“काका, काउंटरवर तुमच्या नफ्याचा रिपोर्ट उघडतोय. मी मुद्दाम नाही उघडला.”

“अगं, तो तर डीलरने गणपतीतच बंद केला होता.”

“केला होता, पण आज दिसला. आणि त्यात चकलीवर शंभर टक्के नफा दाखवलाय. चकलीवाल्या काकूंना गल्ल्यातून पैसे मीच तर देते.”

म्हणजे तक्रारी दोन झाल्या. रिपोर्ट दिसतो ही एक आणि दिसणारा रिपोर्ट चुकीचा आहे ही दुसरी. पहिलीपासून सुरुवात करू.

आधी लॉगिन कोणाचं आहे ते पाहा

अधिकार बदलण्याआधी काउंटरच्या पडद्यावर युजरचं नाव वाचा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ते वरच्या किंवा खालच्या पट्टीत कोपऱ्यात असतं. तिथे ‘कॅशिअर’ऐवजी ‘अ‍ॅडमिन’ किंवा मालकाचं नाव असेल, तर अधिकारांची यादी कितीही घट्ट केली तरी उपयोग नाही. अ‍ॅडमिनला सगळं दिसणारच.

या दुकानात तेच झालं होतं. सकाळी साडेअकराला एका बिलात दर चुकला होता. बिल रद्द करायचा अधिकार कॅशिअरच्या लॉगिनला नव्हता, म्हणून मालक बाहेर आले, त्यांनी स्वतःच्या पासवर्डने आत शिरून बिल रद्द केलं आणि ते पुन्हा आत गेले. बाहेर पडायचं राहिलं. एकला दुकान बंद झालं तेव्हा पडदा विझला, पण संगणक नुसता झोपी गेला होता. चारला माऊस हलवला आणि दुपारभर उघडं असलेलं मालकांचं लॉगिन पुढे आलं.

याचं पहिलं निदान असं की रिपोर्ट दिसला तो कॅशिअरला अधिकार जास्त मिळाले म्हणून नव्हे, तर कमी मिळाले म्हणून. परतावा, बिल रद्द करणं, जुन्या बिलाची प्रत काढणं ही काउंटरची रोजची कामं आहेत. ती कॅशिअरच्या लॉगिनला जमत नसतील, तर मालकांना दिवसातून चार वेळा उठावं लागतं. चौथ्या वेळेला ते आतूनच पासवर्ड ओरडून सांगतात. दिवाळीच्या गर्दीत तर तो पासवर्ड चिठ्ठीवर लिहून स्कॅनरच्या स्टँडला चिकटवलेलाही सापडतो. म्हणून रिपोर्ट बंद करण्याआधी ही तीन कामं कॅशिअरला द्या. भीती वाटत असेल तर मर्यादा घाला: परतावा त्याच बिलाच्या आधाराने, रक्कम ठरावीक हद्दीपर्यंत, रद्द करताना कारण लिहिणं सक्तीचं. रद्द झालेल्या बिलांची यादी मालकांनी रात्री पाहावी. पासवर्ड वाटण्यापेक्षा ही देखरेख कितीतरी सोपी आहे.

यानंतर मालकांचा पासवर्ड बदला आणि सॉफ्टवेअरमध्ये ‘काम नसताना आपोआप लॉगआउट’ अशी सोय असेल तर ती पाच मिनिटांवर ठेवा. तशी सोय नसेल तर विंडोजमध्ये पडदा झोपी गेल्यावर पासवर्ड मागण्याची सेटिंग चालू करा. मात्र विंडोजच्या पासवर्डने बिलिंगमधलं लॉगिन बदलत नाही. तो फक्त दार लोटतो. आत मालकांचं लॉगिन उघडं असेल तर विंडोजचा पासवर्ड माहीत असलेल्या कॅशिअरला ते तसंच मिळेल.

मग अधिकार कसे लिहिले आहेत ते पाहा

पडद्यावर कॅशिअरचंच नाव आहे आणि तरी नफा दिसतो, तर दोष भूमिकेच्या, म्हणजे त्या लॉगिनला नेमून दिलेल्या अधिकारांच्या, व्याख्येत आहे. अधिकार देण्याच्या दोन रीती असतात. एका रीतीत सगळं उघडं ठेवून नको ते बंद करतात, दुसरीत सगळं बंद ठेवून लागेल तेवढंच उघडतात. डीलर घाईत पहिली रीत वापरतो, कारण ती पाच मिनिटांत होते. ‘नफा-तोटा’ आणि ‘ताळेबंद’ या दोन नावांवर फुली मारली की मालक खूश. पुढे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येते, तिच्यात ‘वस्तूवार नफा’ किंवा ‘बिलवार मार्जिन’ नावाचा नवा रिपोर्ट असतो आणि त्या नावावर फुली कोणी मारलेली नसते. गणपतीत बंद केलेलं दिवाळीत उघडं दिसण्याचं हे नेहमीचं कारण.

दुसऱ्या रीतीत वेळ लागतो, पण नवा रिपोर्ट आपोआप बंदच राहतो. त्यासाठी मेनूसमोर बसू नका. कागद घेऊन काउंटरशेजारी अर्धा दिवस उभे राहा आणि कॅशिअर कोणकोणते पडदे उघडते ते लिहा. या दुकानात ते सातच निघाले: नवं बिल, जुनं बिल शोधणं किंवा रद्द करणं, प्रत काढणं, परतावा, गल्ल्यातून पैसे देण्याची पावती, मालाची उपलब्ध संख्या आणि दिवसअखेरचा गल्ला. रिकामी भूमिका तयार करून हेच सात उघडायचे.

टॅली प्राइम वापरत असाल तर `Alt+K` दाबल्यावर येणाऱ्या यादीत `User Roles` आणि `Users and Passwords` आहेत. पहिल्यात भूमिका ठरते, दुसऱ्यात कोणत्या नावाला कोणती भूमिका ते ठरतं. `Data Entry` ही तयार भूमिका आधाराला घेऊन स्वतःची वेगळी भूमिका करावी. मागच्या तारखेची बिलं किती दिवसांपर्यंत करता येतील ही मर्यादाही तिथेच घालता येते आणि ती घालावीच.

तपासणी मालकांच्या लॉगिनमध्ये बसून करायची नाही. कॅशिअरच्या लॉगिनने आत शिरा आणि मेनू विसरून जा. मेनूतून नाव गेलं म्हणजे रिपोर्ट बंद झाला असं नाही. काही सॉफ्टवेअर नुसती ओळ लपवतात, शॉर्टकटने किंवा शोधाच्या चौकटीतून तोच रिपोर्ट उघडतो. टॅली प्राइममध्ये ती चौकट `Alt+G` ने येते. तिच्यात रिपोर्टचं नाव टाकून पाहा. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये अशी चौकट असेल तर ‘नफा’, ‘मार्जिन’, ‘प्रॉफिट’ आणि ‘व्हॅल्युएशन’ हे चार शब्द टाकून काय येतं ते बघा.

नफा दुसऱ्या दारानेही दिसतो

नफ्याचे रिपोर्ट बंद झाले तरी खरेदीचा भाव उघडा असेल, तर नफा काढायला शाळेतलं गणित पुरतं. बिल करताना वस्तू शोधण्याच्या यादीत ‘शेवटचा खरेदी दर’ हा रकाना पुष्कळ ठिकाणी सुरुवातीपासूनच चालू असतो. तो कॅशिअरला तर दिसतोच, काउंटरचा पडदा तिरका असेल तर गिऱ्हाइकालाही दिसतो. पेठेतलं गिऱ्हाईक तो वाचून भाव करणार नाही, असं समजू नका. हा रकाना यादीच्या रचनेत बंद होतो, भूमिकेच्या पडद्यावर तो सापडणार नाही.

दुसरं दार मालाच्या साठ्याचं. कॅशिअरला बदाम किती पाकिटं उरले ते हवं असतं, पण साठ्याच्या रिपोर्टमध्ये संख्येबरोबर दर आणि किंमतही येते आणि तो दर खरेदीचा असतो. फक्त संख्या दाखवणारा वेगळा रिपोर्ट असेल तर तो द्या. नसेल तर बिलाच्या पडद्यावरच शिल्लक संख्या दाखवायची सोय चालू करून साठ्याचा रिपोर्ट काढून घ्या.

तिसरं दार सॉफ्टवेअरच्या बाहेर आहे. डेटा आतल्या संगणकावर असतो आणि काउंटरचा संगणक तो नेटवर्कवरून उघडतो. आतल्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून कोणते फोल्डर वाटलेले आहेत ते पाहा:

```
net share
```

नावाच्या शेवटी `$` असलेल्या ओळी विंडोजच्या स्वतःच्या असतात, त्या सोडून द्या. उरलेल्या यादीत पूर्ण `D:\` दिसला तर मालकांचे एक्सेलचे हिशोब आणि बॅकअपही काउंटरवरून उघडत असण्याची शक्यता आहे. वाटायचा तो फक्त डेटाचा एक फोल्डर. बॅकअप त्याच्या बाहेर, न वाटलेल्या जागी. फाइलवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डेटाचा फोल्डर काउंटरपासून पूर्ण तोडता येत नाही, तोडला की बिलंच बंद पडतात. तिथे डेटा कुलूपबंद करण्याची सोय वापरावी. टॅलीत तिला `TallyVault` म्हणतात. तिचा पासवर्ड विसरलात तर डेटाही गेला, तेव्हा तो लिहून तिजोरीत ठेवा.

दुरुस्ती पुन्हा का उलटते

नव्या आवृत्तीचं कारण वर आलंच. दुसरं कारण बॅकअपचं आहे आणि ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. बहुतेक बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये युजर, पासवर्ड आणि भूमिका कंपनीच्या डेटातच साठवलेल्या असतात. वीज गेली, फाइल बिघडली, डीलरने मागचा बॅकअप चढवला, तर बिलांबरोबर त्या दिवशीचे अधिकारही परत येतात. जुना पासवर्डसुद्धा परत येतो. बिलं जुळली की सगळे सुटकेचा श्वास सोडतात, भूमिका पाहायला कोणी बसत नाही. म्हणून अधिकार बदलले की लगेच ताजा बॅकअप घ्या आणि कधीही बॅकअप चढवला की कॅशिअरच्या लॉगिनने चार शब्दांची तपासणी पुन्हा करा.

तिसरं कारण १ एप्रिल. नव्या वर्षासाठी नवी कंपनी उघडायची सवय असेल तर ती बहुधा एकाच अ‍ॅडमिनने सुरू होते. सकाळी घाई असते, म्हणून सगळे त्याच नावाने बसतात आणि मे महिन्यापर्यंत तसेच बसलेले राहतात.

आता तो आकडा

मालकांनी रिपोर्ट बंद केला असता आणि विषय संपला असता. पण कॅशिअरचं म्हणणं बरोबर होतं, आणि दुकान चालवणाऱ्या प्रत्येकाने एकदा तपासावं असं ते आहे.

घरगुती फराळ करणाऱ्या बायका पक्कं बिल देत नाहीत. त्या डबे घेऊन येतात, वजन होतं, कॅशिअर गल्ल्यातून पैसे देते आणि सॉफ्टवेअरमध्ये ‘किरकोळ खर्च’ अशी पावती करते. खरेदीची नोंद होतच नाही. मग चकलीचा खरेदी दर सॉफ्टवेअरच्या लेखी शून्य. विकलेला प्रत्येक रुपया नफा. ऑक्टोबरात फराळाची विक्री १,४०,००० झाली आणि काकूंना दिले गेले १,०८,०००. म्हणजे फराळावरचा खरा नफा ३२,०००, सुमारे २३ टक्के. रिपोर्टमधल्या ३,०२,४०० मधून हे १,०८,००० वजा केले की १,९४,४०० उरतात.

ही चूक सीएच्या नजरेत येत नाही. वर्षाच्या नफा-तोटा पत्रकात ते पैसे खर्चाच्या बाजूला पडलेलेच असतात, त्यामुळे शेवटचा निव्वळ नफा बरोबर निघतो. चुकतो तो फक्त वस्तूवार रिपोर्ट, आणि भाव ठरवताना मालक नेमका तोच पाहतात. ओळखायची खूण साठ्यात सापडते. जी वस्तू खरेदीत आली नाही पण विकली गेली, तिची शिल्लक उणे दिसते. साठ्याच्या रिपोर्टमध्ये उणे आकडे वेगळे काढा. ती यादी म्हणजेच खोट्या नफ्याची यादी.

तशीच दुसरी चूक जीएसटीची. ५ टक्के कर धरून ५२५ रुपयांना विकलेल्या बदामाच्या पाकिटातले ५०० आपले आणि २५ सरकारचे. खरेदी कर वगळून ४४० ला पडली असेल तर नफा ६०. पण वस्तूच्या नोंदीत ‘विक्री दरात कर धरलेला आहे’ ही खूण राहून गेली, तर रिपोर्ट ८५ दाखवू शकतो. एका बिलाची अशी हाताने पडताळणी केली की लगेच समजतं.

आणि उरलेले १,९४,४०० सुद्धा मालकांच्या खिशात जात नाहीत. भाडं ५५,०००, चार जणांचे पगार ६४,०००, वीज ९,०००, पिशव्या-खोकी १२,५००, खवट झालेला आणि फुटलेला माल ११,०००. हे सगळं मिळून १,५१,५००. हाती राहतात ४२,९००, तेही दिवाळीच्या महिन्यात. वस्तूवार रिपोर्ट यातलं काहीच धरत नाही, कारण तो फक्त विक्री आणि खरेदी यांतला फरक सांगतो. काउंटरवरून हा रिपोर्ट दिसू न देण्याचं एक व्यवहारी कारण हेही आहे. तीन लाखांचा आकडा दुकानभर फिरतो, वजाबाकी मात्र कोणीच सांगत नाही.

कॅशिअरने काय करावं

असा पडदा चुकून उघडला तर बंद करावा, फोटो काढू नये, शेजारच्या दुकानातल्या मैत्रिणीला आकडा सांगू नये आणि त्याच दिवशी मालकांना सांगावं. सांगताना वेळ, पडद्यावरचं युजरचं नाव आणि रिपोर्टचं नाव द्यावं. या तीन गोष्टींवरून डीलरला कारण लगेच सापडतं. काही सॉफ्टवेअरमध्ये कोणत्या लॉगिनने काय उघडलं याची नोंद राहते. मालकांच्या नावाने झालेली नोंद नंतर वादाचं कारण होते, तेव्हा आधीच सांगितलेलं बरं.

मालकांनीही एक गोष्ट मान्य करावी लागते. जो माणूस खरेदीची नोंद करतो, त्याला खरेदीचा दर दिसणारच. दोन्ही लपवता येत नाहीत. या दुकानात सुकामेवा आणि मसाला भुसार बाजारातून बिलासकट येतो, त्याची नोंद मालक आत बसून करतात आणि करत राहिले. फराळाचे पैसे मात्र कॅशिअरच्या हातूनच जात होते, दर तिला पाठच होते. म्हणून तिच्या सात पडद्यांत आठवा वाढवला: फक्त फराळ गटाची रोखीची खरेदी. ‘किरकोळ खर्च’ची पावती फराळासाठी बंद केली. ऑक्टोबरच्या जुन्या १,०८,००० च्या पावत्या मालकांनी सीएला विचारून खरेदीत वळवल्या.

“काका, आता चकली तेवीस टक्के दाखवते का?”

“तुला कशाला दाखवेल? माझ्याकडे दाखवते. एकवीस.”

“मग तुपाचा भाव वाढला तेव्हा काकूंनी वीस रुपये वाढवले होते, त्याआधीच्या आठवड्यातल्या पावत्या जुन्या दराने लावा.”

लावल्यावर तेवीस आले.